बेस्टचा संप आणि माझा एक लेट मार्क

८ जानेवारी २०१९, मंगळवार. बेस्टचा संप मध्यरात्रीपासून सुरू होणार हे मी आदल्या रात्री बातम्यांत ऐकलं होतं. तरी ऑफिसात कुणाला कळवलं नाही. असे संप ऐनवेळी मागे घेतलेले बरेचदा पाहिलेत, त्यामुळे सकाळी बस येईलच या भरवशावर झोपले.

मी राहते अँटॉप हिलला, ऑफिस वरळी नाक्याजवळ. एक बस दादरला, तिथून दुसरी वरळीला, असा माझा रोजचा प्रवास. सव्वाआठला स्टॉपवर गेले तर पन्नासेक माणसं रस्त्यात वाकून बघत उभी. आमच्याकडे रिक्षा येत नाहीत, त्या शीवच्या अलीकडे चालतच नाहीत. काळी-पिवळीवाला मीटर टाकायला तयार नव्हता, थेट चारशे मागत होता. तासभर उभी राहून घरी परतले आणि पावणेदहाला सरांना मेसेज केला: "सर, बेस्टचा संप आहे, आज येऊ शकत नाही."

दोन मिनिटांत उत्तर: "लोकल चालू आहेत ना? बाकी सगळे आलेत."

राग आला, पण त्यांचंही बरोबर होतं. बाकी सगळे म्हणजे ठाणे-डोंबिवलीचे. त्यांच्या लेखी मुंबई बंद पडते ती लोकल थांबल्यावर; बेस्ट म्हणजे स्टेशनपासूनचा शेवटचा तुकडा, तो ते चालत गेले. शिवाय त्याच दिवशी कामगार संघटनांचा देशव्यापी संपही होता, त्यामुळे सरांना वाटलं मी त्याचं निमित्त सांगतेय. माझ्या मेसेजमध्ये मी कुठून निघते, काय करून पाहिलं, यातलं काहीच नव्हतं.

आणि खरी गोची वेगळीच होती. डिसेंबरचं जीएसटीआर-१ भरायची मुदत ११ तारीख. रिटर्नवर डिजिटल सही करायचं डीएससीचं टोकन माझ्या ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरची किल्ली माझ्या पर्समध्ये, आणि पर्स अँटॉप हिलला खुंटीला टांगलेली. बारा वाजता सरांनी फोन करून विचारलं, तेव्हा मला आठवलं. मी का येत नाही यापेक्षा माझ्यामुळे काय अडलंय हे त्यांना सकाळीच कळायला हवं होतं.

रात्री कागदावर रस्ता काढला. घरापासून गुरू तेग बहादूर नगर स्टेशन, चालत वीस मिनिटं. तिथून हार्बरने कुर्ला, कुर्ल्याहून धीम्या लोकलने परळ, पूल ओलांडून प्रभादेवीकडे, मग वरळी नाक्यापर्यंत पुन्हा अर्धा तास पायपीट. म्हणजे दक्षिणेला जायचं तर आधी उत्तरेला. बुधवारी सकाळी साडेसातलाच मेसेज टाकला: "सर, आजही बस नाही. कुर्लामार्गे येतेय, अकरापर्यंत पोहोचेन. टोकनची किल्ली बरोबर आहे. बिलांची यादी काल घरी तपासून मेल केली आहे, तीन पार्ट्यांचे जीएसटी नंबर चुकलेत, ते लाल केलेत. संप मिटेपर्यंत ११ ते साडेसात काम केलं तर चालेल का?"

उत्तर आलं, "चालेल." अकरा वाजून पाच मिनिटांनी पोहोचले.

पण सरांचं "चालेल" आणि एचआरचं चालेल यात फरक असतो. एचआरच्या मॅडम म्हणाल्या, व्हॉट्सअ‍ॅप धरता येत नाही, सरांना सीसी करून मेल टाक. मेलच्या दुसऱ्या दिवसापासून वेळ बदलू, त्याआधीचा लेट मार्क राहील. मेल त्याच संध्याकाळी टाकला, तो गुरुवारपासून लागू झाला. बुधवारचा लेट मार्क राहिला. मंगळवारची सीएल गेली. राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार वर्षाला आठ सीएल मिळतात, पण त्या तिमाहीप्रमाणे खात्यात जमा होतात, म्हणजे जानेवारीत माझ्याकडे होत्याच दोन. मार्चअखेरपर्यंत आता एकच उरली. सीएलच्या अर्जात "वैयक्तिक कारण" लिही, असं मॅडम सुचवत होत्या. मी "बेस्ट संप" असंच लिहिलं. उद्या कुणी विचारलं तर कागदावर खरं कारण असू दे.

रिटर्न शुक्रवारी दुपारी गेलं. संप मात्र लांबत गेला, नऊ दिवस. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि १६ तारखेला, बुधवारी, तो मिटला.

गुरुवारी बस मिळाली. खिडकीची जागा, साडेनऊला ऑफिसात. सहाला निघाले. शुक्रवारी मॅडमनी बोलावून स्क्रीन दाखवली. माझी वेळ अजून ११ ते साडेसातच होती आणि मी दीड तास लवकर निघाल्याची नोंद होती.

"संप मिटल्याचा मेल नाही टाकलास," त्या म्हणाल्या.

तिथेच उभ्या उभ्या फोनवरून टाकला.