लीडिंगला किती जायचं

“सर, रात्री मशीन लीडिंगला घेतलं की स्टेटरचा करंट मर्यादेत, फील्ड करंट तर खूपच कमी. मग लोड डिस्पॅचने अजून एमव्हार ओढायला सांगितलं की तुम्ही नाही का म्हणायचात?”

लीडिंग म्हणजे फील्ड कमी करून जनरेटरने ग्रिडमधली रिअॅक्टिव्ह पॉवर, म्हणजे एमव्हार, ओढून घेणं. नाही म्हणायचो, कारण त्या बाजूला मशीनला जे धोक्याचं असतं, ते या दोन मीटरांवर दिसत नाही.

मागणी मात्र खरी असते. मुंबईत भूमिगत केबलचं जाळं मोठं. पावसाळ्यातल्या गार रात्री एसी बंद झाले, लोड उतरला, की या केबलच भरमसाट एमव्हार तयार करतात आणि व्होल्टेज चढतं. ते एमव्हार कुणीतरी गिळायचे, म्हणून फोन जनरेटरवाल्याला.

आता जनरेटरचा कॅपॅबिलिटी कर्व्ह समोर घ्या. उभे मेगावॉट, आडवे एमव्हार. उजवीकडे लॅगिंग, डावीकडे लीडिंग. उजवा कोपरा रोटरने कापलेला, कारण तिथे फील्डचं वाइंडिंग तापतं. मधला कंस स्टेटर वाइंडिंगच्या करंटचा. दोन्ही मर्यादा तापण्याच्या, म्हणून हायड्रोजनचा दाब वाढवला की त्या बाहेर सरकतात. डावीकडे असलेली स्थिरतेची रेषा, जिच्यापलीकडे रोटरची ग्रिडशी पकड सुटू शकते, ती दाबाला भीक घालत नाही.

हिशेबच करू. 250 मेगावॉटचा सेट, 294 एमव्हीए, सिंक्रोनस रिअॅक्टन्स 2 पर युनिट, टर्मिनल व्होल्टेज पूर्ण. पूर्ण लोडवर 155 एमव्हार लॅगिंग असताना रोटरचा कोन साधारण 40 अंश. मेगावॉट तेच ठेवून 59 लीडिंगला आलो की कोन 71. आणखी ओढून 118 केले की 83. या वेळी स्टेटरचा करंट 94 टक्के आणि फील्ड करंट, सॅच्युरेशन सोडलं तर, पूर्ण लोडच्या सुमारे 64 टक्के. मीटर बघणाऱ्याला वाटेल, मशीन आरामात आहे.

पण हा कोन फक्त मशीनच्या टर्मिनलपर्यंतचा. पुढे जनरेटर ट्रान्सफॉर्मर आणि ग्रिडचा रिअॅक्टन्स असतो; तो दोन्ही मिळून 0.2 धरला, तर एक्सायटेशन स्थिर असताना एकूण कोन 107 एमव्हारलाच 90 होतो, आणि 90 हीच स्थिरतेची रेषा. म्हणजे 118 वर आपण रेषा ओलांडून गेलोय, आणि मशीनला धरून ठेवलंय ते एव्हीआरने, म्हणजे फील्ड आपोआप सांभाळणाऱ्या व्होल्टेज रेग्युलेटरने. नेमका तेव्हाच एव्हीआर मॅन्युअलवर पडला तर रोटर निसटतो, पोल स्लिप होतो आणि फील्ड फेल्युअर रिले सेट ट्रिप करतो. म्हणून अंडर-एक्सायटेशन लिमिटर या रेषेच्या बऱ्यापैकी आत, आणि रिलेच्या आधी काम करेल असा लावतात. लिमिटरचा अलार्म आला की काही जण वैतागतात. मला तर तो पॅनेलवरचा सगळ्यात शहाणा दिवा वाटतो.

यात एक खोच आहे. ही सगळी मर्यादा व्होल्टेजच्या वर्गावर चालते. एमव्हार ओढले की आपलंच टर्मिनल व्होल्टेज उतरतं. 95 टक्क्यांवर आलं तर मर्यादा 90 टक्क्यांवर येते. जितकं ओढाल तितकी पायाखालची जागा कमी. शिवाय युनिटचा 6.6 केव्ही बस याच टर्मिनलवरून येतो, तोही खाली जातो आणि बॉयलर फीड पंपाची मोटर जास्त करंट घेऊ लागते. अनेकदा कर्व्हच्या आधी हाच पंप हात वर करतो.

दुसरा धोका स्टेटरच्या टोकांना. फील्ड जोरात असताना रोटरच्या रिटेनिंग रिंग, त्या चुंबकीय पोलादाच्या असतील तर, सॅच्युरेट झालेल्या असतात आणि टोकाकडच्या गळतीच्या फ्लक्सला तिथून सोपी वाट मिळत नाही. फील्ड कमी केलं की रिंग मोकळी होते, फ्लक्स तिच्यातून वळून स्टेटर कोअरच्या शेवटच्या पत्र्यांमध्ये आडवा शिरतो. पत्रे रचलेत ते फ्लक्स त्यांच्या पातळीत वाहावा म्हणून. तो काटकोनात घुसला की अख्ख्या पत्र्यात एडी करंट फिरतात. तापतात ते टोकाचे दात. स्लॉटमधले तापमान मोजणारे आरटीडी मात्र थंडच दाखवतात, कारण ते वाइंडिंगजवळ, मधल्या भागात असतात. टोकाच्या कोअरला थर्मोकपल असतील तर लीडिंगला जाताना ते वाचायचे, आणि तापमान स्थिरावेपर्यंत पुढचं पाऊल टाकायचं नाही.

मग फोनवर हमखास पुढचं येतं: मेगावॉट कमी करा आणि ओढा. स्थिरतेच्या दृष्टीने त्यात तथ्य आहे. वरच्याच सेटला 147 मेगावॉटवर आणलं तर 107 ची मर्यादा 133 होते. पण कमी लोडवर टोकांच्या तापण्याची रेषा सहसा आधी आडवी येते, त्यामुळे ते वाढीव एमव्हार बहुतेक कागदावरच राहतात. अशा वेळी मी ट्रान्सफॉर्मरचा टॅप बदलता येतो का बघायचो, शेजारच्या सेटलाही थोडं लीडिंगला घ्यायचो, आणि लोड डिस्पॅचला सांगायचो की एमव्हार गिळायला ग्रिडवरचे रिअॅक्टर टाका.