कॉर्पसचं पत्र

सप्टेंबर 2024 च्या मध्यावर एका ट्रस्टचे हिशेब माझ्याकडे ऑडिटला आले. विद्यार्थी वसतिगृह चालवणारी संस्था, काम चोख. 2023-24 सालची जमा 60 लाख, त्यातले 25 लाख एकाच देणगीदाराचे. हिशेबनीसाने ही देणगी उत्पन्नात न घेता थेट ताळेबंदात कॉर्पस, म्हणजे संस्थेचा कायमस्वरूपी निधी, म्हणून टाकलेली. वसतिगृहावरचा खर्च 31 लाख.

कॉर्पस मान्य झाला, तर उत्पन्न उरतं 35 लाख. त्याच्या 85 टक्के, म्हणजे 29.75 लाख त्याच वर्षी उद्दिष्टांवर खर्च व्हायला हवेत. ते झालेले होते, म्हणजे कर शून्य.

पण तेव्हा लागू असलेल्या 1961 च्या आयकर कायद्यानुसार रक्कम कॉर्पसमध्ये जावी हे देणगीदाराने स्पष्ट सांगावं लागायचं. विश्वस्तांनी मागाहून ठरवून चालत नव्हतं. फाइलमध्ये होती फक्त पावती: ‘इमारतीसाठी देणगी’. एवढ्यावर कॉर्पस टिकेल याची मला खात्री नव्हती. टिकला नाही, तर 60 लाखांच्या 85 टक्के म्हणजे 51 लाख खर्च दाखवायचा. 20 लाख कमी पडतात. त्यावर 30 टक्क्यांनी 6 लाख कर, वर 4 टक्के सेसचे 24 हजार.

अध्यक्ष म्हणाले, “साहेब, पैसे बँकेत तसेच आहेत, कुणी खाल्ले नाहीत. देणगीदाराकडून मागच्या तारखेचं पत्र आणतो की!”

मी साफ नाही म्हटलं. तो खोटा दस्तऐवज झाला असता, आणि टिकलाही नसता. देणगीदाराला कलम 80G ची करवजावट मिळावी म्हणून संस्थेने मे महिन्यातच देणग्यांची माहिती देणारा फॉर्म 10BD भरला होता. त्यात देणगीच्या प्रकारापुढे ‘Corpus’ नव्हे, ‘Others’ निवडलेलं. अशा फॉर्मचं काम सर्रास नवख्या कारकुनावर सोपवतात, याचा मला संताप येतो.

‘कुणी खाल्ले नाहीत’ एवढं पुरत नाही. सरकार कर सोडतं ते पैसा लोकांच्या कामी लागावा म्हणून, साठून राहावा म्हणून नाही. त्या कायद्यात 15 टक्के विनाअट मागे ठेवता येत होते. त्याहून जास्त ठेवायचे, तर कशासाठी आणि किती वर्षं, हे फॉर्म 10 मध्ये आधी सांगावं लागायचं.

तोच मार्ग घेतला. फॉर्म 10 विवरणपत्राच्या मुदतीच्या दोन महिने आधी भरायचा होता, म्हणजे तारीख उलटली होती. पण विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत भरला तरी सवलत नाकारू नये, असं प्रत्यक्ष कर मंडळाचं 2023 चं परिपत्रक होतं. ठरावाच्या मसुद्यात विश्वस्तांनी ‘संस्थेच्या सर्व उद्दिष्टांसाठी’ लिहिलं होतं. इतका मोघम हेतू हमखास अडकतो. तो खोडून ‘वसतिगृहाचा दुसरा मजला’ लिहायला लावलं. जास्त व्याजासाठी रक्कम पतसंस्थेत हलवायचा बेतही थांबवला, कारण ट्रस्टने पैसे कुठे गुंतवावेत हे सांगणाऱ्या कलम 11(5) च्या यादीत सहकारी बँक येत होती, पतसंस्थेचं तसं नव्हतं.

कर वाचला, पण मी निश्चिंत नाही. हे 20 लाख 31 मार्च 2029 पर्यंत त्या मजल्यावरच खर्च व्हायला हवेत. दुसऱ्या ट्रस्टला देऊनही सुटका नाही. उरतील तेवढे त्याच वर्षी करपात्र. आणि ठराव झाला, त्या दिवशी मजल्याच्या बांधकाम परवानगीचा अर्जसुद्धा गेलेला नव्हता.