सेवांच्या पानावरून लोक नेमके कुठून परत जातात : हीटमॅप आणि सेशन रेकॉर्डिंगचा माझा अनुभव

नागपुरात एप्रिल लागला की कुलर दुरुस्त करणाऱ्यांना फुरसत म्हणून नसते. माझ्याकडे आलेले काम अशाच एका कुलर व एसी सर्व्हिसिंगच्या व्यवसायाचे होते. त्यांच्या संकेतस्थळावरील सेवांच्या पानाला भेट देणारे उन्हाबरोबर वाढत होते, पण बुकिंगचा फॉर्म भरणाऱ्यांची संख्या काही हलत नव्हती. पानाच्या कोणत्या भागातून लोक निघून जातात हे पाहण्यासाठी मी भेट देणाऱ्यांच्या पानावरील हालचाली नोंदवणारे मायक्रोसॉफ्ट क्लॅरिटी हे मोफत साधन बसवले आणि दुकानाचा व माझा आयपी पत्ता सेटिंगमध्ये वगळला, कारण मालक स्वतःच दिवसभर ते पान उघडून बघत असत.

पुरेशी नोंद जमल्यावर प्रथम स्क्रोल हीटमॅप, म्हणजे पानावर किती लोक कुठवर खाली आले हे रंगांत दाखवणारे चित्र पाहिले, तेही फक्त मोबाइलचे. संगणकावर तेच पान वेगळ्या लांबीचे दिसते, त्यामुळे दोन्ही हीटमॅप एकत्र वाचण्यात अर्थ नसतो. वरच्या भागात सेवांची माहिती, त्याखाली दरपत्रक आणि सर्वांत खाली फॉर्म अशी रचना होती. रंग पायरीपायरीने उतरत जाऊन फॉर्मपाशी जवळजवळ निळा झाला होता, म्हणजे तिथवर फार थोडे लोक पोहोचत होते. मात्र पान सोडणारा प्रत्येक जण गमावलेला ग्राहक नसतो. वरच्या फोन नंबरवर टॅप करून निघून गेलेल्याचे काम झालेले असते, तरीही हीटमॅपमध्ये तो अर्ध्यावरून परतलेलाच दिसतो. म्हणून ज्यांनी फोनचे बटण दाबले होते त्यांची सत्रे, म्हणजे एकेका भेटीच्या नोंदी, वेगळी काढून उरलेल्यांचीच रेकॉर्डिंग पाहायला घेतली, आणि त्यातही फॉर्मपर्यंत पोहोचून तो न भरता परतलेल्यांची आधी. एवढे खाली आलेल्या माणसाला सेवा हवी असते, हे उघड आहे.

रेकॉर्डिंग पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते, ती म्हणजे हे स्क्रीनचे चित्रीकरण नव्हे. पानाची रचना आणि त्यावरील स्पर्श, स्क्रोल यांच्या नोंदींवरून ते पान पुन्हा उभे केले जाते. त्यामुळे मोबाइलचा कीबोर्ड त्यात दिसत नाही आणि फोनच्या स्वतःच्या पद्धतीने उघडणारी ड्रॉपडाउन यादीही दिसत नाही. शिवाय क्लॅरिटीच्या मूळ ‘बॅलन्स्ड’ मास्किंगमध्ये पानावरील आकडे झाकले जातात, म्हणून आमचे दरपत्रक ठिपक्यांनी भरलेले दिसत होते. दर हे जाहीरच असल्याने त्या तक्त्यापुरते मास्किंग काढले :

```
<table data-clarity-unmask="true">
```

हा बदल पुढच्या नोंदींनाच लागू होतो, जुन्या रेकॉर्डिंगमधले ठिपके तसेच राहतात. फॉर्मच्या रकान्यांचे मास्किंग मात्र काढण्याचा प्रश्नच नव्हता. लोकांची नावे आणि नंबर आपण बघत बसण्याचे काही कारण नाही.

फॉर्ममध्ये नाव, फोन, परिसर आणि तारीख असे चार रकाने होते. एकामागून एक रेकॉर्डिंगमध्ये तेच घडताना दिसले : नाव आणि फोन भरून झाल्यावर बोट ‘परिसर’ या रकान्यावर येते, काही क्षण काहीच हालचाल होत नाही, पुन्हा त्याच रकान्यावर टॅप होतो, पुन्हा शांतता, मग माणूस वर दरपत्रकापर्यंत जातो आणि पान बंद करतो. तारखेच्या रकान्याला कोणी हातही लावलेला नव्हता. त्या शांततेच्या काळात यादी उघडलेली असणार, पण ती रेकॉर्डिंगमध्ये न येणारी वस्तू असल्यामुळे मी फोनवर पान उघडून स्वतः ती वाचली. धरमपेठ, सीताबर्डी, महाल, मानेवाडा अशी शहरातली नावे त्यात होती. हिंगणा, वाडी, कामठी, बुटीबोरी यांपैकी एकही नव्हते, ‘इतर’ हा पर्याय नव्हता आणि रकाना भरणे सक्तीचे होते.

मालकांना हे दाखवल्यावर ते म्हणाले, “अहो, हिंगण्याचे लोक फोनवर पहिले हेच विचारतात, तिकडे येता का म्हणून.” रेकॉर्डिंगमधून लोक कुठे अडतात हे कळले होते, ते का अडतात याला दुजोरा या एका वाक्याने मिळाला. आम्ही यादी काढून टाकली आणि तिथे परिसर लिहिण्याची साधी मोकळी जागा ठेवली.

त्यानंतरच्या रेकॉर्डिंगमध्ये बोट परिसरावरून सरळ तारखेकडे जाऊ लागले, आणि आलेल्या फॉर्ममध्ये बुटीबोरीचे नाव वारंवार दिसू लागले. तिथपर्यंत जाण्याचा पेट्रोलचा खर्च जुन्या दरांत बसत नव्हता, म्हणून शहराबाहेरच्या भेटीचे वेगळे शुल्क आता दरपत्रकातच, फॉर्मच्या आधी, लिहिलेले आहे. ते वाचून काही जण तिथूनच परत जातात. मालकांना ते मान्य आहे.