तुकडे जोडू नकोस

कुणीतरी अर्धवट सोडलेला व्हिडिओ माझ्याकडे आला की सोबतची चिठ्ठी मी खालून वर वाचते. वरच्या भागात माणूस शहाण्यासारखा लिहितो: कच्चं फुटेज कुठल्या फोल्डरमध्ये आहे, चालू टाइमलाइन `MAIN_v14` आहे, संगीत तात्पुरतं आहे, एका पाहुण्याच्या नावात वेलांटी चुकली आहे. खरी गोष्ट निघता निघता, घाईघाईत, तळाशी लिहिलेली असते.

त्या दुपारी तळाशी एवढंच होतं: ‘मुलाखतीच्या आवाजाचे तुकडे जोडू नकोस.’ कारण दिलं नव्हतं.

लहानपणी शेजारच्या काकू गावाला जाताना किल्ली आमच्याकडे ठेवायच्या. ‘दार आधी स्वतःकडे ओढ, मग किल्ली फिरव,’ असं बजावायच्या. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. न ओढता फिरवलं की मात्र किल्ली अडकायची.

टाइमलाइन उघडली. अठरा मिनिटांची सलग मुलाखत, चित्र अखंड आणि आवाज मात्र जागोजागी चिरलेला. पाहताक्षणी हात शिवशिवले. मग ओठांकडे पाहिलं. प, ब, म म्हणताना ओठ मिटतात, तिथे चूक लपत नाही. एक मूळ आवाजफाइल सलग लावून पाहिली. सुरुवातीला सगळं जुळत होतं. पाचव्या मिनिटाला आवाज दोन फ्रेम मागे पडला, शेवटी सात. पंचवीस फ्रेमच्या सेकंदात सात म्हणजे पाव सेकंदाहून जास्त. माणूस ‘पण’ म्हणून ओठ उघडून मोकळा, आणि ‘पण’ नंतर येतोय.

चित्र फोनवर काढलेलं, आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर. फोन प्रत्येक सेकंदाला नेमक्या तेवढ्याच फ्रेम टिपत नाही, प्रकाश कमी झाला की मंदावतो. एडिटिंगचं सॉफ्टवेअर मात्र ठरावीक वेग धरून चालतं. सगळा आवाज एकदम सरकवला तर शेवट जुळतो आणि सुरुवात बिघडते. म्हणून आधीच्या एडिटरने बोलणाऱ्याने श्वास घेतला त्या जागी कापून प्रत्येक तुकडा थोडा थोडा आधीच्या बाजूला ओढला होता.

योग्य उपाय वेगळा आहे: फोनची फाइल ठरावीक फ्रेमरेटमध्ये बदलून पुन्हा जोडायची. पण मग हे सरकवलेले तुकडे चुकीचे ठरतात, कटच्या जागाही हलतात. फाइल बदलणं आणि तुकडे नव्याने जुळवणं, दोन्ही करायचं किंवा काहीच नाही. अर्धं केलं तर दुप्पट बिघडतं, आणि ते शेवटच्या पाहणीपर्यंत कळत नाही.

मी तुकडे तसेच ठेवले. चिठ्ठीतल्या त्या ओळीखाली कारण लिहिलं. पाहणाऱ्याला ते काप ऐकूसुद्धा येत नाहीत. मला दिसतात, तर दिसोत.