चुडा चालत येतो तेव्हा

तुम्ही विचारलंत: ‘जात्यावरच्या ओव्यांत भाऊ असतो, माहेर असतं, विठ्ठल असतो. नवऱ्यावरच्या प्रेमाचं बायका काही गातच नव्हत्या का?’

गात होत्या, पण त्याचं नाव घेऊन नाही. नवऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही, ही रीत जात्यावरही पाळली जाई. म्हणून ओवीत तो कधी ‘कंथ’ होतो, कधी ‘भरतार’, कधी नुसता ‘हौश्या’. आणि पुष्कळदा तो माणूस म्हणून येतच नाही, ‘चुडा’ किंवा ‘कुंकू’ होऊन येतो. हे कळलं नाही तर शेकडो ओव्या दागिन्यांवरच्या वाटतात.

एक ओवी बांधून दाखवतो. ही कुणा बाईच्या तोंडची नाही, कुठल्या संग्रहातलीही नाही. फक्त रचना दिसावी म्हणून केली आहे.

बांधाच्या कडंनं गं, हिरवा चुडा माझा येतो
कपाळीचा घाम त्याचा, पदर माझा पुसीतो

इथं क्रियापदाकडे बघायचं. चुडा हातात किणकिणेल, पिचेल, वाढवला जाईल. बांधाच्या कडेनं चालत येणार नाही. तो ‘येतो’ म्हटलं की आलाय तो नवरा. आता दुसरी ओळ. घाम कोण पुसतंय? ती म्हणत नाही की मी पुसते. पुसतोय पदर. म्हणजे त्याच्या जागी चुडा, तिच्या जागी पदर, आणि दोघं भर दुपारी उघड्या शेतात एकमेकांच्या इतके जवळ. सासूनं ऐकलं तरी बोट ठेवायला जागा नाही. पहिल्या ओळीत एखादं चित्र मांडायचं आणि नातं दुसऱ्या ओळीत उघड करायचं, अशी घडण या ओव्यांत फार दिसते. घाईनं पहिलीच ओळ टिपणाऱ्याला शेत दिसतं, नवरा निसटतो.

विड्याचंही तसंच. पान, चुना, कात, सुपारी, लवंग यांचं वर्णन करत बाई ओवी लांबवते, तेव्हा ती खाण्याचं बोलत नसते. विडा बायकोनं करून द्यायचा, त्यानं तो खायचा आणि ओठ रंगायचे, यात सगळं आलं. आणि सवतीवरच्या किंवा ‘परनारी’च्या ओव्या प्रेमाच्या खात्यातून बाहेर ठेवू नयेत, असं माझं मत आहे. जिच्या मनात काहीच नाही ती सवतीवर इतकी जळत नाही.

हे जात्यावरच का निघायचं? त्याचं कारण दळणाच्या कामातच सापडतं. पहाटे घर झोपलेलं, दोघी समोरासमोर बसलेल्या, दोघींचे हात एकाच खुंट्यावर. जात्याची घरघर एवढी की शब्द समोरचीला कळतात, पलीकडच्या खोलीत फक्त सूर जातो. एक हात खुंट्यावर ठेवून दुसऱ्या हातानं मधूनमधून वैरण घालायची, म्हणजे मूठभर दाणे जात्याच्या तोंडात सोडायचे. वैरण जास्त पडली तर पिठाऐवजी भरड पडते आणि जातं जड होतं. कमी पडली तर दगडावर दगड घासतो, आवाज कोरडा येतो आणि पिठात कच येते. लक्ष असं सारखं तिकडे ओढलं जातं, म्हणून लांबलचक गाणं इथं चालत नाही. दोन ओळी म्हणायच्या, वैरण घालताना दम घ्यायचा, तेवढ्यात समोरचीनं ओळ उचलायची. ‘बाई’, ‘गं’, ‘ना’ हे शब्द फेऱ्याशी ओळ जुळवायला घातलेले असतात. छापताना ते गाळले की ओवी वाचायला नीट वाटते, पण म्हणता येत नाही.

समोर कोण बसलंय यावरही ओवी ठरते. समोर सासू असेल तर विठ्ठल आणि भाऊ निघतात. बरोबरीची जाऊ असेल, माहेरी आल्यावर बहीण किंवा मैत्रीण असेल, तर कंथ निघतो. त्यामुळे एकाच बाईच्या ओव्या दोन दिवशी ऐकल्या तर ती दोन वेगळ्या बाया वाटू शकते.

लग्नात परिस्थिती उलटी. तिथं चोरून काही नसतं, सगळ्यांदेखत गायचं असतं, म्हणून आडोसा निराळा: दुसरीचं लग्न. हळद दळताना किंवा घाणा भरताना सुवासिनी बसतात. जात्याला आंब्याची पानं आणि हळकुंड बांधतात. घाण्याला मुसळांना तसंच बांधून उखळात कांडतात. ओव्यांचा क्रम सहसा ठरलेला. आधी गणपती, मग कुलदैवत आणि गावचे देव यांना आवतण, मग मामा, काका, आत्या यांची नावं, आणि शेवटी नवरानवरी. शेवटच्या भागात नवरी लाजते, नवरदेव तिच्याकडे बघतो, हळदीचं अंग उजळतं. हे गाणारी बाई चाळिशीची, दोन लेकरांची आई असते. ती नवरीचं गातेय असं सगळे धरून चालतात, आणि तिला स्वतःचं गाता येतं. मुसळाशी ओवीचं नातं तर फार जुनं: १२व्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त चालुक्य राजा सोमेश्वर नोंदवतो की महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी गातात.

लग्नातला उखाणाही त्याच घडणीचा. पहिली ओळ कुठल्याही वस्तूवर, दुसरीत नाव. फरक एवढाच, की जात्यावर जे नाव चुड्याआड लपवायचं तेच इथं सगळ्यांसमोर घ्यायला लावतात. घेताना ती अडखळते, ते सगळं नाटक नसतं.

आता हे ऐकायला मिळत नाही याचं कारण गिरणी, हे सगळे सांगतात. लग्नात मात्र जातं अजून बाहेर निघतं. तिथं अडचण वेगळी आहे: पूर्वी हळद खरोखर दळली जायची, वेळ लागायचा आणि ओवी देवांवरून पाहुण्यांवर, पाहुण्यांवरून नवरानवरीवर पोचायची. आता हळद पुड्यातून येते. फोटोपुरते पाच फेरे होतात, आणि पाच फेऱ्यांत ओवी गणपतीच्या पुढं सरकत नाही. गाण्यातला शृंगार कुणी मुद्दाम काढलेला नाही, त्याची पाळीच येत नाही.

म्हणून कुणाला घरच्या आजीकडून ओव्या टिपायच्या असतील तर तिला सोफ्यावर बसवून ‘म्हण ना’ असं म्हणू नका. हात रिकामे असले की ओळी सुचत नाहीत. ती देवाच्या चार म्हणेल आणि थांबेल. जातं मांडा, खाली कापड पसरा, साधारण दोन किलो ज्वारी घ्या आणि समोर तिच्या वयाची, तिच्या ओळखीची बाई बसवा. मुलगा, जावई, नातू या सगळ्यांना बाहेर पाठवा. रेकॉर्डिंगचा फोन जात्यापासून हातभर लांब आणि तिच्या तोंडाच्या बाजूला ठेवा, नाहीतर नुसती घरघर येईल. पहिली पाव शेर ज्वारी देवांवर आणि भावांवर जाईल. मध्ये प्रश्न विचारू नका. कोण कुणाचं, हे दळण संपल्यावर विचारा, आणि तेव्हाही ‘हा चुडा म्हणजे कोण?’ एवढंच विचारा. ती हसली तर उत्तर मिळालं.

घरात म्हणणारी कुणी उरली नसेल, तर हेमा राईरकर आणि गी प्वाटवां यांनी गावोगावच्या बायकांकडून गोळा केलेल्या लाखावर ओव्यांतल्या बऱ्याच ‘पारी’ म्हणजे ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’च्या संकेतस्थळावर ऐकता येतात. तिथं नवऱ्यावरच्या ओव्यांतच शोधून थांबू नका. दागिने, शेत, पाऊस यांवरच्या ओव्याही बघा, आणि प्रत्येक ओवीत चुड्याचं क्रियापद तपासा.