हिंदमाताच्या पायरीवर

दरवर्षी आषाढीला पहाटे चार वाजता आमची दिंडी लालबागहून निघते. पंढरपूर काही सगळ्यांना जमत नाही. कुणाची नोकरी, कुणाच्या घरी अंथरुणावरचं माणूस. म्हणून वडाळ्याचा विठोबा. त्याला प्रतिपंढरपूर म्हणतात ते उगाच नाही, कात्रक रोडची रांग ज्याने पाहिली आहे त्याला ते सांगावं लागत नाही. भारतमाता, परळ, हिंदमाता, दादर टीटी आणि तिथून पाच उद्यानांकडे वळायचं. अंतर फार नाही. मी अनवाणी चालते, हे माझ्या आईपासून चालत आलंय.

यंदा परळ सोडलं आणि टाचेत खडा रुतला. मी कडेला टेकून तो काढत होते तेवढ्यात पावसाने असा जोर धरला की पुढच्या पताका दिसेनाशा झाल्या. टाळ काही वेळ ऐकू येत होते, मग तेही गेले. हिंदमाताला पोहोचले तेव्हा पाणी पोटरीपर्यंत आलं होतं. तिथल्या कापडाच्या दुकानांना उंच पायऱ्या आहेत, त्या कशासाठी ते अशा दिवशी कळतं. एका बंद शटरपुढे वर पत्रा दिसला. मी चढले.

तिथे आधीच एकजण होता. पिवळा रेनकोट, हातात बॅटरी. पाच वाजायला आलेले, रस्ता रिकामा, अंधार. मी पायरीच्या दुसऱ्या टोकाला उभी राहिले आणि पदर घट्ट केला. त्याच्या ते लक्षात आलं असावं. त्याने बॅटरी माझ्यावरून काढून पाण्याकडे वळवली आणि आणखी हातभर सरकला.

बराच वेळ आम्ही दोघं पाऊस बघत होतो.

मी पुढची पायरी उतरायला लागले तेव्हा तो पहिल्यांदा बोलला. "माउली, तिथनं नको. झाकण उघडलंय."

बॅटरीच्या उजेडात बघितलं. दहा-बारा पावलांवर पाण्यात बांबू उभा होता, टोकाला लाल फडकं. फडकं भिजून बांबूलाच चिकटलं होतं, म्हणून मला दिसलं नव्हतं. माझा रस्ता थेट त्याच्यावरून जात होता.

"तुम्ही त्याच्यासाठीच उभे आहात?"

"हो. उघडं मॅनहोल सोडून जाता येत नाही. आत जाळी बसवलीय आता, पण घाईत पाय पडला की मोडतोच." थोडं थांबून म्हणाला, "लोक स्वतःच झाकण काढतात कधी. पाणी जाईल म्हणून. बांबू लावत नाहीत."

मी काही बोलले नाही. २०१७ च्या ऑगस्टमधल्या पावसात उघड्या मॅनहोलमध्ये पडून एक डॉक्टर गेले, तेव्हा आमच्या चाळीत चार दिवस दुसरा विषय नव्हता. तो त्याबद्दल बोलला नाही. मीही काढलं नाही.

"ओढतंय का पाणी?" मी विचारलं.

त्याने बॅटरी बांबूच्या बुडाशी धरली. तिथे पाणी हळू, बशीएवढं गोल फिरत होतं. एक केळीची साल त्यात दोनदा फिरली आणि कडेला लागली.

"भोवरा आहे म्हणजे ओढतंय. बुडबुडे यायला लागले की समजायचं खालची लाइन भरली. मग झाकण उघडून उपयोग नाही, उलट तिथनंच वर येतं." माझ्याशी नव्हे, त्या भोवऱ्याशी बोलावं तसा तो बोलत होता. "हा खोलगट भाग. चारी बाजूंनी इथे येतं. इथलं सगळं रे रोडकडे, ब्रिटानियाच्या पंपिंग स्टेशनला जातं, तिथनं समुद्रात. आता जमिनीखाली टाक्याही केल्यात, जास्तीचं तिथे साठवतात. पण शेवटी समुद्राने घ्यायला पाहिजे. भरती साडेचार मीटरच्या वर गेली की दारं बंद करायची, आणि मग फक्त पंपावर."

"आज भरती किती वाजता?"

त्याने घड्याळ पाहिलं नाही, मोबाइलही काढला नाही. "आज एकादशी. अकराची पाऊणपट. सव्वाआठ."

मला समजलं नाही. त्याने ते सावकाश सांगितलं. पक्षातली तिथी धरायची, तिची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती. अर्धा-पाऊण तास पुढेमागे. पौर्णिमा असेल तर पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारच्या तोंडावर भरती, तीही उधाणाची. त्याच्या आईचे वडील होडीवर होते, त्यांच्याकडून त्याला ही गोष्ट मिळाली.

"म्हणजे आत्ता पाणी चढतंय," मी म्हटलं.

"चढतंय. पण भांगाची भरती आहे. एकादशीला उधाण नसतं, पाणी फार वर जात नाही. दारं बंद करावी लागणार नाहीत. पाऊस जरा दम घेऊ दे, अर्ध्या तासात घोट्याला येईल." मग जरा दबक्या आवाजात म्हणाला, "हाच पाऊस पुनवेला असता तर तुम्हाला परत जा म्हटलं असतं."

मी आजवर एकादशी उपासासाठी मोजली. दशमीला एकभुक्त, द्वादशीला पारणं, एवढाच माझा हिशेब. त्याच तिथीवरून हिंदमाताचं पाणी किती वेळात उतरेल हे कुणी मोजत असेल, हे इतकी वर्षं याच रस्त्याने जाऊनही माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

पिशवीत राजगिऱ्याचे लाडू होते. देऊ की नको असं दोनदा झालं. शेवटी विचारलं, "उपास आहे का तुमचा?"

"आहे."

मी लाडू पुढे केला. त्याने आधी हात पावसात धरले, चोळून धुतले, तरी घेताना कागदासकट घेतला. रेनकोटच्या गळ्याशी तुळशीची माळ होती, ती मला तेव्हा दिसली.

"वडाळ्याला जाणं होतं का?"

"पावसाळ्यात नाही. सुट्टी नसते." लाडू संपवून त्याने कागदाची घडी खिशात ठेवली. त्याच खिशातून प्लॅस्टिकची छोटी पुडी निघाली. ती हातात धरून तो बराच वेळ नुसता उभा राहिला. "तुळस आहे. काल संध्याकाळी खुडली, एकादशीला खुडत नाहीत आमच्याकडे. वाटलं होतं, एखादी दिंडी जाईल तेव्हा कुणाकडे तरी देऊ. पण मोठ्या पावसात कुणाला थांबवायचं." मग म्हणाला, "माझे हात गटाराच्या पाण्यातले आहेत. तुम्हाला चालणार असेल तर."

मी दोन्ही हात पुढे केले. "पुडी बांधलेली आहे ना, माउली. आणि नसती तरी." पुढचं मला बोलता आलं नाही. त्यालाही पुढचं नको होतं, असं मला वाटलं.

पाऊस ओसरला. त्याने मला दुभाजकाच्या कडेने चालायला सांगितलं, एक हात दुभाजकावर ठेवून आणि पाय उचलून न टाकता घासत नेत. बॅटरीचा उजेड माझ्या दोन पावलं पुढे धरला. पाणी घोट्याच्या जरा वर होतं. कोरड्या रस्त्याला लागल्यावर मी वळून हात जोडले. तिकडून "रामकृष्ण हरी" ऐकू आलं आणि उजेड परत बांबूकडे गेला. नाव त्यानेही विचारलं नाही, मीही नाही.

दिंडी मला पाच उद्यानांपाशी सापडली. वडाळ्याला रांगेत असताना सव्वाआठ झाले, तेव्हा मी आकाशाकडे बघितलं. पाऊस नव्हता. तुळस पायावर गेली.

अकराच्या सुमारास त्याच रस्त्याने परतले. हिंदमाता कोरडं होतं, झाकण बसवलेलं. दुकान उघडलं होतं आणि एक मुलगा खालच्या दोन पायऱ्यांवरचा चिखल केरसुणीने काढत होता. बांबू शटरच्या कडेला उभा करून ठेवला होता. लाल फडकं सोडवून कुणीतरी त्याच्याच टोकावर वाळत घातलं होतं.