शेंदूरजना घाटची भिंत आणि तीन कोष

ऑगस्टच्या अखेरीस काटोलमार्गे वरूडला आणि तिथून शेंदूरजना घाटला गेलो, ते तिथल्या एका संत्रा रोपवाटिकेतून फोनवर आलेल्या एका फोटोमुळे. जंबेरीच्या रोपांवर दोन हिरवे कोष आणि शेडच्या भिंतीवर एक तपकिरी. भिंतीवरचा वाळून मेला असावा, असा मालकांचा समज होता.

रंगावरून तसे ठरवणे चूक असते. लिंबावरच्या फुलपाखराची अळी वाढ पूर्ण झाल्यावर बरेचदा झाड सोडून दूर सरकते आणि हिरव्या फांदीवर बहुधा हिरवा, भिंतीवर किंवा वाळक्या काडीवर तपकिरी कोष करते. ओळख पटते ती बांधणीवरून: शेपटीचे टोक रेशमाच्या गादीत रुतलेले असते आणि पाठीमागून एक बारीक धागा पट्ट्यासारखा जाऊन कोषाला तिरपे तोलून धरतो. तिन्ही कोषांना हा धागा होता. मात्र संत्र्याच्या झाडावर वाढणाऱ्या दुसऱ्या एका काळ्या फुलपाखराचा कोषही असाच बांधलेला असतो आणि त्याला बाजूने पाहिल्यास बाक अधिक दिसतो. मला आलेला फोटो समोरून काढलेला असल्याने दोघांत निवड करणे शक्य नव्हते, म्हणूनच प्रत्यक्ष जावे लागले.

तिथे गवताच्या काडीने हळूच स्पर्श केला. भिंतीवरच्या कोषाने पोटाकडचा भाग झटक्याने हलवला.

“म्हणजे हा जिवंत हाये का जी?” मालकांनी विचारले.

“हो भाऊ, काळजी त्या रोपावरच्याची आहे.”

दोन हिरव्यांपैकी एकाचा रंग मळकट होऊ लागला होता आणि त्याचे पोट ताठ झाले होते, स्पर्शाला कसलाच प्रतिसाद नव्हता. फुलपाखरू बाहेर पडण्याच्या आदल्या दिवशीही कोष काळवंडतो, पण तेव्हा पातळ कवचातून पंखांवरचे पिवळे ठिपके स्पष्ट दिसतात. इथे ठिपके नव्हते. यातून गांधीलमाशीच्या कुळातले सूक्ष्म परजीवी निघतील, असा माझा अंदाज होता, कारण त्यांची मादी नुकताच झालेला, अजून मऊ असलेला कोष गाठून आत अंडी घालते.

त्याच रोपाच्या पानाखाली पिंपाच्या आकाराची, गोल झाकणांची 14 अंडी ओळीत चिकटलेली होती. ती फुलपाखराची नव्हेत. ते एकेक सुटे, फिकट पिवळे, गोल अंडे कोवळ्या पानावर घालते. ही ढेकणाच्या कुळातली होती, पण त्यातून रस शोषणारी पिल्ले निघतील की अळ्या खाणारी, हे अंड्यांच्या फोटोवरून मी सांगणार नाही.

मालकांना रोज सकाळी समोरून आणि बाजूने, शेजारी एक रुपयाचे नाणे धरून फोटो काढायला सांगितले. सहाव्या दिवशी भिंतीवरचा कोष डोक्याकडे उकलून रिकामा झालेला दिसला. त्यानंतर चार दिवसांनी मळकट कोषाला टाचणीएवढे गोल भोक पडले होते आणि नाण्याच्या कडेवर बारीक, हिरवट चमकणाऱ्या माश्या बसल्या होत्या.